कौतुकाला उत्तर लिहिताना

समजा, दापोलीजवळ एका घरात पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय आहे. परत गेल्यावर पुण्याच्या एका कुटुंबाने गूगल मॅप्सवर पाच तारे दिले आणि लिहिलं, “काकूंची घावणं आणि ओल्या नारळाची चटणी विसरता येणार नाही. लेकीने बसल्या बैठकीला पाच घावणं खाल्ली. शेवटचा रस्ता जरा अरुंद आहे, पण पोचल्यावर शीण जातो.”

यावर बहुतेक ठिकाणी उत्तर जातं, “आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. पुन्हा अवश्य भेट द्या.” शब्द सभ्य आहेत, पण ते औषधाच्या दुकानालाही चालतील. शिवाय गूगलवर अभिप्राय आणि त्यांची उत्तरं एकाखाली एक दिसतात. नवीन गिऱ्हाईक बोटाने वर सरकवत जातं आणि तेच वाक्य चौथ्यांदा दिसलं की कुणी काही वाचलेलंच नाही, हे त्याच्या लक्षात येतं.

काकूंनी असं लिहिलं तर?

“लेक ‘अजून एक’ म्हणत होती तेव्हा तवा खाली उतरवायला मन होईना. आमच्याकडे जुना बिडाचा तवा आहे, त्यावर जाळी छान पडते. रस्त्याचं तुमचं खरं आहे. मोठी गाडी असेल तर देवळापाशी लावून फोन करा, सामान न्यायला आम्ही येतो.” आणि खाली स्वतःचं नाव.

यात ‘धन्यवाद’ नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. पाहुण्याने लिहिलेली एकच गोष्ट धरली आणि त्यात घरच्यालाच ठाऊक असलेली भर घातली, तेवढ्याने पत्र वाचल्याची खूण पटते. रस्त्याचा उल्लेख बहुतेक मालक टाळतात. माझ्या मते तोच उत्तराचा सगळ्यात उपयोगी भाग आहे, कारण पुढच्या पाहुण्याला नेमकं तेच हवं असतं. नावही महत्त्वाचं, कारण गूगल उत्तरावर लिहिणाऱ्याचं नाव दाखवत नाही.

मात्र आपलेपणाच्या भरात पाहुण्याने न लिहिलेलं उघड करू नये. घाटात लेकीला गाडी लागली होती हे काकूंना आठवत असेल, पण ते सगळ्या जगासमोर सांगायचं नाही. ‘दापोलीतील सर्वोत्तम घरगुती मुक्काम’ अशी जाहिरात उत्तरात घुसवली, तर पाहुण्याशी चाललेलं बोलणं तिथेच तुटतं. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ करणं तर गूगलच्या नियमांतच बसत नाही.

पाहुण्याने रोमन लिपीत मराठी लिहिलं असेल तर उत्तरही तसंच द्यावं, त्याला ते सोयीचं पडतं. कुणी नुसतेच तारे दिले असतील तर ओढूनताणून आठवणी काढू नयेत, “आलात, बरं वाटलं” एवढं पुरे. उत्तर मागाहून बदलता येतं, त्यामुळे आधी चिकटवलेली साचेबंद उत्तरं निवांत वेळी एकेक करून नव्याने लिहिता येतील.