उशिरा पोचलेल्या मालाची माफी

माल उशिरा पोचला की छोटे ब्रँड मालकाचा व्हिडिओ टाकतात. तो भावुक असला की ग्राहक विरघळतो, असा समज आहे. प्रत्यक्षात माफीची स्क्रिप्ट (कॅमेऱ्यासमोर बोलायचा मजकूर) म्हणजे चुकीची कबुली आणि पुढच्या तारखेचा शब्द.

फलाटावरची घोषणा आठवा. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ऐकूनही प्रवासी विचारतो, गाडी येणार कधी?

समजा, एका घरगुती फराळ ब्रँडची काही पार्सले दिवाळीनंतर पोचली, काही अजून निघायचीच आहेत. ‘कुरिअरवर ताण होता’ ही सबब झाली. त्याऐवजी मालकिणीने असे म्हणावे: ‘फराळ दिवाळीआधी पोचायला हवा होता, नाही पोचला. आमच्या क्षमतेपेक्षा जास्त ऑर्डर आम्ही घेतल्या. उरलेली पार्सले शुक्रवारपर्यंत निघतील. नको असेल त्यांनी कळवावे, पूर्ण पैसे परत मिळतील. पुढच्या वर्षी ठरलेल्या संख्येनंतर नोंदणी बंद.’ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा मजकूर. त्यातही कारण आहे, पण ते स्वतःच्या निर्णयाचे. सवलतीचे कूपन मात्र इथे नको; ती पुन्हा विक्रीच झाली.

फेब्रुवारी २००७मधल्या हिमवादळात अमेरिकेच्या जेटब्लू विमान कंपनीचे प्रवासी तासन्‌तास अडकले. प्रमुख डेव्हिड नीलमन यांनी व्हिडिओतून माफी मागितली. सोबत विलंबाच्या भरपाईची लेखी सनदही जाहीर झाली. व्हिडिओला वजन आले ते या सनदेमुळे.

भारतात पैसे परत करणे ही निव्वळ मेहेरबानीही नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपवाद आटोक्याबाहेरच्या आपत्तीचा.