तीन रकान्यांचे रोख पुस्तक आणि सुटीचा हिशोब

तीन रकान्यांच्या रोख पुस्तकात डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना रकमेचे प्रत्येकी तीन रकाने असतात: सूट, रोख आणि बँक. डावी बाजू नावे, म्हणजे आलेल्या पैशांची. उजवी बाजू जमा, म्हणजे गेलेल्या पैशांची. जुन्या देशी नाम्यात आलेली रक्कम डावीकडे ‘जमा’ म्हणून लिहीत. त्यामुळे पेढीवरच्या वह्या पाहिलेल्या माणसाला ही मांडणी पहिल्यांदा उलटी वाटते. येथे मात्र दुहेरी नोंदीच्या आधुनिक पद्धतीचाच विचार केला आहे.

रोख आणि बँक हे दोन रकाने कळायला सोपे आहेत. गल्ल्यात पैसे आले की डावीकडे रोख रकान्यात लिहायचे, गेले की उजवीकडे. बँकेचेही तसेच. हे दोन्ही रकाने स्वतःच खाती असतात. ती रोख पुस्तकातच भरली जातात, म्हणून खतावणीत रोख खाते किंवा बँक खाते वेगळे उघडावे लागत नाही. अडचण येते ती सुटीच्या रकान्यापाशी. पैशांच्या दोन रकान्यांशेजारी बसलेल्या या रकान्यात पैसा कधीच नसतो. येणे असलेल्या रकमेतून जी आली नाही आणि कधी येणारही नाही, ती रक्कम डावीकडच्या सुटीत लिहिली जाते. देणे असलेल्यातून जी द्यावी लागली नाही, ती उजवीकडच्या सुटीत.

एक उदाहरण घेऊ. सांगलीतले रंगांचे एक दुकान आहे. १ जूनला गल्ल्यात १८,५०० रुपये आहेत आणि बँकेत ६४,००० रुपये. दुकानदाराने रंगकामाच्या एका ठेकेदाराला छापील दराने २५,००० रुपयांचा माल उधारीवर दिला. ठेकेदार नेहमीचा आणि माल मोठ्या प्रमाणात नेणारा, म्हणून बिलातच २० टक्के सूट दिली. बिल झाले २०,००० रुपयांचे. (आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून जीएसटी तूर्त बाजूला ठेवला आहे.) बिलाच्या तळाशी अट छापलेली आहे: दहा दिवसांत पैसे भरल्यास २ टक्के सूट, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम.

या एकाच बिलावर दोन सुटी आहेत आणि हिशोबाच्या दृष्टीने त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली व्यापारी सूट. ती ठेकेदाराने किती माल घेतला आणि तो कोण आहे यावर ठरली, आणि विक्री होतानाच तिचा निकाल लागला. माल २५,००० रुपयांना कधी विकलाच गेला नाही. तो आकडा दरपत्रकातला होता. म्हणून विक्री पुस्तकात २०,००० रुपयेच लिहायचे आणि वजा केलेल्या ५,००० रुपयांसाठी कोणतेही खाते उघडायचे नाही. दुसरी रोख सूट. ती मालावर नाही, पैसे लवकर येण्यावर मिळते. विक्रीच्या दिवशी ती मिळेल की नाही हे कुणालाच माहीत नसते, त्यामुळे त्या दिवशी तिची नोंद होत नाही. पैसे वेळेत आले तर त्याच दिवशी, त्याच नोंदीच्या ओळीत ती रोख पुस्तकात येते.

ठेकेदाराने ८ जूनला धनादेश दिला आणि तो त्याच दिवशी बँकेत भरला. २०,००० रुपयांवर २ टक्के म्हणजे ४०० रुपये सूट, म्हणून धनादेश १९,६०० रुपयांचा. नवख्या कारकुनाची चूक नेमकी येथे होते. तो २० आणि २ यांची बेरीज करून छापील रकमेवर २२ टक्के काढतो आणि येणे १९,५०० रुपये धरतो. दोन्ही सुटी लागू असतील तेव्हा आधी व्यापारी सूट वजा करायची आणि उरलेल्या रकमेवर रोख सूट काढायची. हा शंभर रुपयांचा फरक बिलामागे बिल असा वाढत जातो.

जून महिन्यातले बाकीचे व्यवहार थोडेच आहेत. ९ तारखेला एका किरकोळ गिऱ्हाइकाने ५,०५० रुपयांच्या उधारीपोटी रोख ५,००० रुपये देऊन खाते चुकते केले. १० तारखेला दुकानदाराने रंग कारखानदाराचे ३५,००० रुपयांचे बिल धनादेशाने भरले आणि मुदतीत भरल्याबद्दल २ टक्के, म्हणजे ७०० रुपये सूट मिळवली. १२ तारखेला गल्ल्यातले १५,००० रुपये बँकेत भरले. १३ तारखेला ९,२०० रुपयांची रोख विक्री झाली आणि २० तारखेला ६०० रुपये हमाली दिली. रोख पुस्तकाची डावी बाजू अशी दिसते:

| तारीख | तपशील | सूट | रोख | बँक |
|---|---|---|---|---|
| जून १ | आरंभीची शिल्लक | – | १८,५०० | ६४,००० |
| ८ | ठेकेदार | ४०० | – | १९,६०० |
| ९ | गिऱ्हाईक | ५० | ५,००० | – |
| १२ | रोख (विरुद्ध नोंद) | – | – | १५,००० |
| १३ | विक्री | – | ९,२०० | – |
| | एकूण | ४५० | ३२,७०० | ९८,६०० |

आणि उजवी बाजू अशी:

| तारीख | तपशील | सूट | रोख | बँक |
|---|---|---|---|---|
| जून १० | कारखानदार | ७०० | – | ३४,३०० |
| १२ | बँक (विरुद्ध नोंद) | – | १५,००० | – |
| २० | हमाली | – | ६०० | – |
| ३० | अखेरची शिल्लक | – | १७,१०० | ६४,३०० |
| | एकूण | ७०० | ३२,७०० | ९८,६०० |

१२ तारखेचा व्यवहार दोन्ही बाजूंना आहे, कारण गल्ल्यातून गेलेले पैसेच बँकेत आले. दोन्ही खाती याच पुस्तकात असल्याने ही नोंद खतावणीत कुठेही न्यावी लागत नाही. रोख आणि बँक या रकान्यांच्या दोन्ही बाजू शिल्लक घालून जुळवल्या आहेत. रोखीची शिल्लक नेहमी नावे बाजूची असते, कारण गल्ल्यात असलेल्यापेक्षा जास्त पैसे बाहेर जाऊच शकत नाहीत. बँकेची शिल्लक मात्र ओव्हरड्राफ्ट घेतला असेल तर जमा बाजूचीही निघू शकते.

सुटीच्या रकान्याची शिल्लक काढलेली नाही. दोन्ही बाजूंची फक्त बेरीज केली आहे. ४५० आणि ७०० यांची वजाबाकी करून ‘२५० रुपये सूट मिळाली’ असे लिहिणे ही मोठी चूक ठरेल. दिलेली सूट हा धंद्याचा खर्च आहे आणि मिळालेली सूट हे उत्पन्न. पहिलीवरून गिऱ्हाइकांकडून पैसे लवकर यावेत म्हणून किती सोडावे लागले ते कळते, तर दुसरीवरून स्वतः वेळेत पैसे भरल्याने किती वाचले ते. वजाबाकी केली की दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

खतावणीत जाताना विद्यार्थी सर्वांत जास्त गोंधळतात. डावीकडच्या प्रत्येक ओळीची खतावणी समोरच्या खात्याच्या जमा बाजूला होते. ठेकेदाराच्या खात्यात जमेला दोन रकमा पडतात, बँकेचे १९,६०० आणि सुटीचे ४००. मिळून २०,००० आणि खाते चुकते. पण सुटीच्या रकान्याची बेरीज, ४५० रुपये, ‘दिलेली सूट’ खात्याच्या नावे बाजूलाच जाते. डावीकडचे सगळे उजवीकडे जात असताना ही एकच रक्कम डावीकडची डावीकडेच का राहते? कारण सुटीचा रकाना खाते नाही, ती फक्त टिपणवही आहे. १९,६०० रुपयांची नावे नोंद बँक रकान्यातच झालेली आहे, म्हणून ठेकेदाराच्या खात्यात जमा केल्यावर दुहेरी नोंद पुरी होते. ४०० रुपयांची नावे नोंद अजून कुठेच झालेली नसते. महिन्याची बेरीज ‘दिलेली सूट’ खात्याला नावे टाकल्यावर ती पुरी होते. याच न्यायाने उजवीकडचे ७०० रुपये कारखानदाराच्या खात्यात नावे पडतात आणि ‘मिळालेली सूट’ खात्याच्या जमा बाजूला बेरजेने जातात.

ही बेरीज खतवायची राहून गेली तर तेरीज जुळत नाही, आणि फरक नेमका सुटीच्या बेरजेएवढा असतो. ती उलट्या बाजूला गेली तर फरक दुप्पट, म्हणजे ९०० रुपयांचा येतो. तेरजेतला फरक ४५० किंवा ९०० दिसला की अनुभवी हिशोबनीस आधी सुटीचे रकाने तपासतो. ठेकेदाराच्या खात्यात फक्त १९,६०० जमा करून सूट टाकायचीच विसरली, तर आणखी एक त्रास होतो: हिशोब चुकता केलेल्या माणसाच्या नावावर ४०० रुपये येणे दिसत राहते आणि तगाद्याची चिठ्ठी त्याच्या घरी जाते.

रोख सूट घ्यावी की सोडावी, हा प्रश्न मुळात व्याजाचा आहे. तीस दिवसांच्या उधारीऐवजी दहाव्या दिवशी पैसे भरून २ टक्के मिळवणे म्हणजे ९८ रुपये वीस दिवस आधी देऊन २ रुपये मिळवणे. वर्षाच्या हिशोबात हा दर ३७ टक्क्यांच्या आसपास जातो. तेव्हा बँकेकडून साधारण दराने उचल मिळत असेल, तर ती उचल काढूनसुद्धा ही सूट घेणे फायद्याचे ठरते. सूट देणाऱ्याने याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूने पाहायला हवे. लवकर येणारा पैसा त्याला किती महाग पडतो आहे, ते त्यातून कळते.

जीएसटीतही हा भेद दिसतो. बिलावर दाखवलेली व्यापारी सूट वजा करून उरलेल्या रकमेवर कर बसतो. रंगावरचा १८ टक्के कर २५,००० वर नाही, २०,००० वर, म्हणजे ३,६०० रुपये. बिल झाल्यानंतर पैसे भरताना मिळालेल्या रोख सुटीमुळे मात्र बिलावरचा कर आपोआप कमी होत नाही. संगणकावरच्या हिशोबात असे तीन रकाने दिसत नाहीत. तेथे पावतीच्या नोंदीत बँकेचे १९,६०० आणि सुटीचे ४०० अशा दोन ओळी नावे घालून ठेकेदाराला २०,००० जमा करतात. त्यामुळे महिनाअखेरची बेरीज खतवायची राहत नाही.

ठेकेदाराचा धनादेश चार दिवसांनी न वटता परत आला, तर सूटही उरत नाही, कारण ती वेळेत पैसे आल्याबद्दल दिलेली होती आणि पैसे आलेच नाहीत. रोख पुस्तकाच्या उजव्या बाजूला बँक रकान्यात १९,६०० रुपये लिहायचे. ४०० रुपये मात्र त्या बाजूच्या सुटीच्या रकान्यात लिहू नयेत, नाहीतर ते मिळालेल्या सुटीत मिसळतील आणि खर्च कमी होण्याऐवजी उत्पन्न वाढल्यासारखे दिसेल. त्यासाठी कीर्दीत स्वतंत्र नोंद करायची: ठेकेदाराचे खाते नावे ४००, दिलेली सूट खाते जमा ४००. मग त्याच्याकडचे येणे पुन्हा पूर्ण २०,००० रुपये होते.