सात मिनिटांचा परिचय

आपल्या परिचय संमेलनात उमेदवार मंचावर येतो, नाव-शिक्षण सांगतो आणि उतरतो. परस्परांशी बोलणे राहूनच जाते. समाजातल्या समाजात विवाह जुळावेत या हेतूने लॉस एंजेलिसच्या याकोव्ह डेयो या ज्यू धर्मगुरूंनी १९९८ मध्ये ‘स्पीड डेटिंग’ सुरू केले. समोरासमोर बसून काही मिनिटे बोलायचे, घंटा होताच पुढच्या टेबलावर जायचे. शेवटी प्रत्येकाने पसंती लिहून द्यायची. दोघांची जुळली तरच संपर्क क्रमांक मिळतो.

पुण्या-मुंबईत नोकरी करणारी वर्धा-हिंगणघाटची मुलेमुली प्रथमच अशा मेळाव्यास जातात, तेव्हा निम्मा वेळ बायोडाटातलीच माहिती विचारण्यात जातो. समजा, सात मिनिटे आहेत. ‘चौविहार पाळता का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. ‘ऑफिस सुटायला उशीर झाला, तर जेवणाचे कसे जमवता?’ असे विचारावे. कोणी म्हणेल, साडेपाचलाच डबा खाते. कोणी म्हणेल, फक्त चातुर्मासात पाळते. नियम, सवय आणि स्वभाव तिन्ही एकाच उत्तरात कळतात. मग आपलेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे. दुकान सांभाळायला गावी परतायचे असेल, तर तेही त्याच वेळी सांगावे. ते लपवून मिळालेली पसंती पुढे टिकत नाही.

घंटा होताच कार्डावर दोन शब्द टिपावेत, कारण पाचव्या टेबलापर्यंत चेहरे आणि उत्तरे एकमेकांत मिसळू लागतात. देण्याघेण्याचा विषय मात्र इथे काढू नये. पालकांनी शेजारच्या दालनात चहा घेत बसावे, हे उत्तम.