क्लायंट, प्लॅटफॉर्म, रेंडरिंग, डिस्प्ले: मराठीत काय लिहावे?

एका फोनवरून पाठवलेला मराठी मजकूर दुसऱ्या फोनवर वेगळा का दिसतो, हे समजावून सांगणारा लेख लिहायला घेतला की चार इंग्रजी शब्द लगेच आडवे येतात. सर्व्हरकडून मजकूर मागून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. तो ज्या प्रणालीवर चालतो ती म्हणजे प्लॅटफॉर्म. साठवलेल्या सांकेतिक क्रमांकांपासून अक्षरांचे आकार घडवण्याचे काम म्हणजे रेंडरिंग, आणि ते आकार पडद्यावर दिसणे म्हणजे डिस्प्ले. चारही शब्द जसेच्या तसे देवनागरीत उतरवले तर वाक्य ओळखीचे वाटते, पण कळत नाही. चारही शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले तर भलतेच काही कळते. म्हणून प्रत्येक शब्दाचा निवाडा वेगळा करावा लागतो. सुचलेला मराठी शब्द आधीच दुसऱ्या कुठल्या कामाला जुंपलेला आहे का, हे त्यात पहिल्यांदा पाहायचे.

‘क्लायंट’चे उदाहरण यासाठी चांगले आहे. वकिलाच्या क्लायंटला मराठीत ‘अशील’ म्हणतात आणि कोर्टाच्या कागदात तो ‘पक्षकार’ होतो. दुकानदाराचा तो ‘ग्राहक’ किंवा ‘गिऱ्हाईक’. हे चारही शब्द माणसाचे आहेत. संगणकातला क्लायंट मात्र प्रोग्रॅम आहे. तो सर्व्हरकडे काहीतरी मागतो आणि मिळालेले वापरणाऱ्यापुढे मांडतो. मेल वाचण्याचा प्रोग्रॅम क्लायंट आहे, ब्राउझरही क्लायंटच आहे. ‘ग्राहक सर्व्हरकडे संदेश मागतो’ असे लिहिले, तर वाचणारा तो ग्राहक म्हणजे आपणच असे धरून चालतो. पुढे ‘ग्राहकात दोष आहे’ असे वाक्य आले की त्याला काहीच उमगत नाही. सर्व्हर हा शब्द मराठीत तसाच ठेवलेला असताना त्याच्या जोडीदाराला मराठी नाव देऊन ही जोडी तोडण्यातही फायदा नाही.

सर्वसाधारण वाचकासाठीच्या लेखात मात्र ‘क्लायंट’ची गरज फारच कमी वेळा पडते. फोनबद्दल लिहिताना ‘ॲप’ पुरते, संगणकाबद्दल ‘मेल वाचण्याचा प्रोग्रॅम’ किंवा ‘ब्राउझर’ पुरतो. सर्व्हरने काय केले आणि समोरच्या प्रोग्रॅमने काय केले, असा फरकच सांगायचा असेल तेव्हा ‘क्लायंट’ लिहावा, एका वाक्यात त्याचा अर्थ द्यावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा.

‘प्लॅटफॉर्म’ मराठीत दोनदा आला. रेल्वेबरोबर आला तेव्हा लोकांनी त्याचा ‘फलाट’ केला आणि तो इतका रुळला की ‘फलाटावर’ असे सामान्यरूपही त्याला सहज मिळाले. संगणकाबरोबर पुन्हा आला तेव्हा तो ‘प्लॅटफॉर्म’च राहिला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘व्यासपीठ’ आणि ‘मंच’ हे पर्याय दिले. समाजमाध्यमांच्या बाबतीत ते शोभतात, कारण तिथे माणसे खरोखरच उभी राहून बोलत असतात. पण अँड्रॉइड, विंडोज किंवा आयओएस यांवर कोणी भाषण करत नाही. प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणारी सोय ते पुरवतात. या अर्थाने ‘व्यासपीठ’ लिहिणे चूक आहे. इथे ‘प्लॅटफॉर्म’ ठेवावा, किंवा त्याहून बरे म्हणजे प्लॅटफॉर्मचे नावच घ्यावे. ‘भिन्न प्लॅटफॉर्मवर’ यापेक्षा ‘अँड्रॉइड फोनवर आणि आयफोनवर’ असे लिहिले की कोणालाही कळते, आणि लिहिणाऱ्यालाही आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे ठरवावे लागते.

सर्वांत अवघड शब्द ‘रेंडरिंग’. ती क्रियाच वाचकाच्या नजरेआड घडते आणि मराठीत तिला पूर्वी नाव लागलेच नव्हते. आधी क्रिया पाहू. ‘किल्ला’ हा शब्द फोनमध्ये चित्र म्हणून साठत नाही. क, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलंताचे चिन्ह, पुन्हा ल आणि काना अशा सहा खुणांचे सहा क्रमांक एकामागून एक साठतात. वेलांटी क्रमाने ‘क’च्या नंतर असते, पण दिसायला ती आधी हवी. हलंताचे चिन्ह दिसायला नको. त्याच्या आधीचा आणि नंतरचा ‘ल’ जोडले जायला हवेत. ही मांडणी करणारा भाग फाँटमधून योग्य आकार निवडतो, ते योग्य जागी बसवतो, आणि मग त्या आकारांचे पडद्यावरचे ठिपके ठरतात. क्रमांकांपासून ठिपक्यांपर्यंतचे हे सगळे काम म्हणजे रेंडरिंग.

त्याला ‘प्रस्तुतीकरण’ म्हणावे, तर कार्यालयात तो शब्द सादरीकरणासाठी चालतो. ‘चित्रण’ म्हणावे, तर कादंबरीतले व्यक्तिचित्रण किंवा सिनेमाचे चित्रीकरण डोळ्यांपुढे येते. ‘रूपांतरण’ म्हणावे, तर एका फाइलची दुसऱ्या प्रकारची फाइल केल्यासारखे वाटते. इथे मूळ मजकूर तर तसाच राहतो. नामांच्या शोधात असे अडकायला होते, पण क्रियापदांकडे वळले की वाट सापडते. अक्षर ‘उमटते’, ॲप ते ‘उमटवते’, फाँट त्याला ‘आकार देतो’. शाई, शिक्का आणि छपाई यांच्यामुळे ‘उमटणे’ हे अक्षरांच्या संगतीत वावरलेले क्रियापद आहे. शिवाय ‘उमटणे’ आणि ‘उमटवणे’ या जोडीमुळे काम आपोआप झाले की कोणी केले, हा भेद फुकट मिळतो. इंग्रजीतले एकच क्रियापद दोन्हीकडे वापरले जात असल्याने तिथे तो भेद वाक्यावरून ओळखावा लागतो. म्हणून क्रियेचे नावच हवे असेल तिथे ‘रेंडरिंग’ लिहावे आणि बाकी सर्वत्र मराठी क्रियापद वापरावे. त्रिमितीय चित्रांबद्दल लिहिताना मात्र हा उपाय लागू पडत नाही. वास्तुविशारदांच्या कामात ‘रेंडर’ म्हणजे तयार झालेले चित्रच, आणि त्या वर्तुळात तो शब्द बदलण्याचे काही कारण नाही.

‘डिस्प्ले’ची गोष्ट उलटी आहे. हा शब्द मराठीत पुरता रुजला आहे, पण वेगळ्या अर्थाने. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘डिस्प्ले गेला’ म्हणजे काचेखालचा भाग निकामी झाला, तो बदलावा लागेल. त्यामुळे ‘अक्षरांचा डिस्प्ले बिघडला’ असे वाचले की फोन दुरुस्तीला न्यावा असेच मनात येते, आणि बिघाड तर ॲपमध्ये असतो. क्रियेसाठी मराठीत ‘दिसणे’ आणि ‘दाखवणे’ असताना ‘डिस्प्ले होणे’ लिहायची काहीच गरज नाही. ‘प्रदर्शित होणे’ हे शब्द सिनेमासाठी राहू द्यावेत. वस्तूसाठी ‘पडदा’ किंवा ‘स्क्रीन’ यांपैकी एक निवडावा आणि ‘डिस्प्ले’ सुट्या भागापुरता ठेवावा. फक्त वेबपानाच्या कोडमध्ये `display` हे नाव येते तेव्हा ते रोमन लिपीतच लिहिले पाहिजे, कारण ते तसेच टंकावे लागते.

ही निवड एका प्रसंगावर तपासून पाहता येते. लग्नघरातून निरोप जातो: ‘आचाऱ्यांना सकाळी सहाला बोलवा.’ पलीकडे एकाला ‘आचार्यांना’ असे दिसते, तर दुसऱ्याला ‘ऱ’खाली हलंताचा पाय मोडलेला आणि त्याच्यापुढे सुटा ‘य’ दिसतो. एका ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्यांच्या जागी विद्वान आले, दुसऱ्या ठिकाणी अक्षर तुटले. दोन्ही गोंधळ सारखेच वाटतात, पण त्यांची कारणे वेगळी आहेत. मराठीतला ‘ऱ्य’ आणि रफाराचा ‘र्य’ यांचे साठवलेले क्रमांकच निराळे असतात:

```
ऱ्य = U+0931 U+094D U+092F
र्य = U+0930 U+094D U+092F
```

‘आचार्यांना’ दिसत असेल तर बहुधा पाठवणाऱ्याने साधा ‘र’ टंकला आहे. मजकूरच चुकलेला असल्याने तो कुठल्याही फोनवर चुकीचाच दिसणार. तुटलेल्या अक्षराच्या बाबतीत मजकूर ठीक असतो, तो उमटवताना घोटाळा होतो. खात्री करायची असेल तर तो निरोप कॉपी करून त्याच फोनवरच्या दुसऱ्या ॲपमध्ये चिकटवावा. तिथे ‘ऱ्य’ नीट दिसला तर दोष पहिल्या ॲपचा, म्हणजे क्लायंटचा. त्या फोनवरच्या सगळ्याच ॲपमध्ये अक्षर तुटत असेल आणि दुसऱ्या प्रकारच्या फोनवर नीट दिसत असेल, तर दोष फोनच्या प्रणालीत किंवा तिच्या फाँटमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्ममध्ये. अक्षराच्या जागी रिकामा चौकोन आला तर फाँटमध्ये ते अक्षरच नाही. आणि पडद्यावर रेघ पडली असेल, अक्षरांबरोबर फोटोही कापला जात असेल, तरच डिस्प्लेचा संशय घ्यावा.

हेच लेखात मांडताना ‘क्लायंटच्या प्लॅटफॉर्मवरील रेंडरिंगमुळे डिस्प्लेमध्ये फरक पडतो’ असे वाक्य होऊ शकते. त्याचे ‘ग्राहकाच्या व्यासपीठावरील प्रस्तुतीकरणामुळे प्रदर्शनात फरक पडतो’ असेही होऊ शकते. पहिल्या वाक्यातून जाणकाराला अर्थ लागतो, दुसऱ्यातून कोणालाच नाही. दोन्हींचा मूळ दोष एकच आहे: चार नामे षष्ठी-सप्तमीने एकमेकांना बांधली आहेत आणि काम करणारे क्रियापद एकही नाही. तेच असे लिहिता येते: ‘मजकूर दोन्ही फोनवर तोच पोहोचतो. पण त्यातल्या अक्षरांना आकार देण्याचे काम वाचणाऱ्याच्या फोनवरचे ॲप करते, आणि त्यासाठी बहुतेक वेळा फोनमधलाच फाँट वापरते. म्हणून एका फोनवर ऱ्य नीट उमटतो आणि दुसऱ्यावर तुटलेला दिसतो.’ यात चारही कल्पना आल्या आहेत, आणि इंग्रजीतून घेतलेले शब्द फोन, ॲप आणि फाँट एवढेच. तेही आता घरोघरी बोलले जाणारे.

ठेवलेले इंग्रजी शब्द मराठी व्याकरणात कसे बसवायचे, हेही आधी ठरवावे लागते. फलाटाचे ‘फलाटावर’ होते, पण प्लॅटफॉर्मचे ‘प्लॅटफॉर्मवर’च राहते, नव्या उसन्या शब्दांचे सामान्यरूप सहसा होत नाही, आणि ते ओढूनताणून करू नये. ‘तो प्लॅटफॉर्म’ आणि ‘ते प्लॅटफॉर्म’ दोन्ही ऐकू येतात, तर एका लेखात एकच लिंग ठेवावे. लेखनातही एकसारखेपणा हवा: एकदा ‘क्लायंट’ आणि एकदा ‘क्लाएंट’ असे झाले तर शोधताना निम्मेच हाती लागतात. ‘ॲप’मध्ये हा धोका डोळ्यांना दिसतही नाही. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन दोन खुणांनी ते लिहीत, आणि आजही काही कळफलकांवरून तसेच टंकले जाते. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, पण साधा शोध घेताना एकाला दुसरे सापडत नाही. म्हणून लेख छापायला जाण्यापूर्वी दोन्ही रूपे शोधून सगळीकडे एकच ‘ॲ’ करून घ्यावा.