निफ्टी जागच्या जागी, तरी तोटा

समजा, पनवेलच्या एकाने निफ्टीचा आठवड्यात संपणारा कॉल २०० रुपयांना विकला आणि त्याच स्ट्राइकचा महिन्याने संपणारा ४०० ला घेतला. हा कॅलेंडर स्प्रेड; खिशातून गेले २००. निफ्टी स्ट्राइकपाशीच रेंगाळला, तर सहा दिवसांत जवळचा कॉल झिजून ७५ वर येतो, लांबचा मात्र ३४५ वर टिकतो. फरक २७०, नफा ७०.

पण लांबच्या कॉलला अस्थिरता घसरल्याचा फटका जास्त बसतो. ४ जून २०२४ ला, लोकसभा निकालादिवशी, इंडिया व्हिक्स २६ च्या वर बंद झाला. दुसऱ्याच दिवशी १९ च्या खाली. अशा उतारात लांबचा कॉल २४० आणि जवळचा ५० झाला, तर फरक उरतो १९०. निकालाआधी फुगलेला लांबचा कॉल मी तरी घेणार नाही.