घडणावळीवर २५ टक्के सूट म्हणजे नक्की किती?

दसरा आठवड्यावर आला की सराफ पेठेत पाट्या झळकू लागतात. ‘शुभमुहूर्तावर सोनेखरेदी, घडणावळीवर २५ टक्के सूट, १०० टक्के हॉलमार्क दागिने.’ २५ हा आकडा टपोऱ्या अक्षरांत असतो आणि ‘घडणावळीवर’ हा शब्द त्याच्या मानाने बारीक. वाचणाऱ्याच्या डोक्यात राहते ते ‘सोन्यावर पंचवीस टक्के’. सोन्याच्या भावावर एवढी सूट कुठलाच सराफ देऊ शकत नाही, कारण सोने त्यालाही बाजारभावानेच घ्यावे लागते. सूट द्यायला त्याच्या हातात जागा असते ती घडणावळीतच.

घडणावळ म्हणजे मजुरी: सोने वितळवणे, तार किंवा पत्रा काढणे, जोडकाम, नक्षी, पॉलिश. कामात थोडे सोने झिजते, ती घटही बहुतेक दुकाने याच रकमेत धरतात. काही जण मात्र ‘वेस्टेज’ म्हणून ती वेगळी लावतात, आणि तशी लावली तर सूट फक्त मजुरीवर मिळते, घटीवर नाही. साध्या वेढणीला मजुरी नाममात्र लागते. यंत्रावर कापलेल्या बांगड्यांना त्याहून जास्त. ठुशीसारखा, बारीक मणी एकेक करून बसवलेला दागिना असेल तर कारागिराचे दिवसच्या दिवस त्यात जातात, आणि तिथे जास्त मजुरी मागितली तर कुरकुर करू नये.

आता पाटीचा हिशेब मांडून पाहू. २२ कॅरेटचा भाव सोयीसाठी ग्रॅमला १०,००० रुपये धरू. पाटल्यांची जोडी २० ग्रॅमची, म्हणजे सोने २ लाखांचे. घडणावळ १४ टक्के, म्हणजे २८,००० रुपये. तिच्यावर २५ टक्के सूट मिळून ती २१,००० झाली. सोने आणि घडणावळ मिळून २,२१,०००, त्यावर ३ टक्के जीएसटी ६,६३० रुपये. हॉलमार्कचे शुल्क नगाला ४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन पाटल्यांचे १०६ रुपये. एकूण बिल २,२७,७३६ रुपये. सूट नसती तर २,३४,९४६ झाले असते. वाचले ७,२१०, म्हणजे बिलाच्या जेमतेम ३ टक्के. पाटी खोटे बोललेली नाही, पण पंचवीस टक्क्यांचे तीन कसे झाले हे तिने सांगितलेले नाही.

शेजारच्या दुकानात पाटीबिटी काही नाही आणि घडणावळ सरसकट १० टक्के आहे असे समजा. तिथे याच पाटल्या २,२६,७०६ रुपयांना पडतील, सूटवाल्या दुकानापेक्षा हजारेक रुपयांनी स्वस्त. म्हणून सूट किती हे विचारण्यापेक्षा सूट जाऊन घडणावळ किती उरते हे विचारावे. आणि त्याही आधी त्या दिवसाचा भाव विचारावा. सूट देणाऱ्या दुकानाने ग्रॅमला १०० रुपये जास्त लावले, तर २० ग्रॅमवर २,००० रुपये गेलेच, शिवाय घडणावळ टक्क्यांत असल्याने तीही वाढते. ७,००० च्या सुटीतले २,२१० रुपये असे गुपचूप परत जातात. ‘शून्य घडणावळ’ अशी पाटी दिसली की पहिली नजर भावफलकाकडे वळवावी ती यासाठीच.

टक्क्यांतली घडणावळ मला मुळातच पटत नाही. भाव ५,००० असताना १२ टक्के म्हणजे ग्रॅमला ६०० रुपये, भाव १०,००० झाला की तीच मजुरी १,२००. कारागिराने ठोका एकही जास्त मारलेला नसतो. ग्रॅममागे ठरावीक रुपये घेणारी दुकाने आजही आहेत. निदान आपण आपल्या मनाशी टक्क्यांचे रुपये करून दोन्हींची तुलना करू शकतो. घडणावळ आणि जीएसटी मोडीच्या वेळी परत मिळत नाहीत. वरच्या पाटल्या भाव तोच असताना मोडल्या तर साडेसत्तावीस हजारांहून जास्त रक्कम पाण्यात गेली असे समजायचे.

वजनाचीही एक गोम आहे. मंगळसूत्रातले काळे मणी, लाखेवर चढवलेल्या बोरमाळेतली लाख आणि खडे हे सगळे काट्यावर सोन्यासोबत चढतात. सोन्याचा भाव लागायला हवा तो निव्वळ वजनाला. बिलावर एकूण आणि निव्वळ अशी दोन्ही वजने वेगवेगळी लिहून घ्यावीत.

राहिला हॉलमार्क. तो फक्त शुद्धतेची हमी देतो. वजन, खडे, घडणावळ यांच्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ‘हॉलमार्क आहे म्हणून घडणावळ जास्त’ असे कोणी सांगितले तर ४५ रुपयांची आठवण करून द्यावी. जून २०२१पासून देशातल्या ठरावीक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला हॉलमार्क दागिना विकता येत नाही. २ ग्रॅमपेक्षा हलके दागिने, तसेच कुंदन, पोलकी आणि जडाव यांना सक्तीतून सूट आहे.

दागिन्यावर तीन खुणा शोधायच्या: भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, कॅरेट व शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी. २२ कॅरेटसोबत ९१६ असते, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग चोख सोने आणि उरलेले तांबे, चांदी वगैरे. १८ कॅरेटला ७५० असते. खुणा लेसरने कोरलेल्या आणि अगदी बारीक असतात, म्हणून काउंटरवर भिंग मागावे. त्यात संकोच कसला? मग फोनवर BIS Care हे अॅप उघडून Verify HUID मध्ये तो क्रमांक टाकावा. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्र हे सगळे दिसते. हातात पाटली आणि अॅपवर अंगठी दिसली, तर क्रमांक दुसऱ्याच दागिन्याचा आहे. क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो, त्यामुळे दोन पाटल्यांवर एकच क्रमांक असणे हीही धोक्याची खूण.

मग सणाची पाटी कशी असावी? माझ्या मते अशी: ‘आजचा २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,०००. पाटल्यांची घडणावळ १४ टक्के, दसऱ्यापर्यंत साडेदहा टक्के. वेस्टेज वेगळे नाही. भाव निव्वळ वजनावर. हॉलमार्क नगाला ४५ रुपये, जीएसटी वेगळा.’ यात टपोरे काही नाही, पण गिऱ्हाईक घरी बसून बिल काढू शकते.

सणाच्या गर्दीत आणखी एक सूट तोंडी दिली जाते: ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल.’ आपल्या उदाहरणात ती ६,६३० रुपयांची. आता शंका आल्यावर तुम्ही मान्यताप्राप्त केंद्रात पाटल्या तपासल्या आणि त्या २२ ऐवजी २० कॅरेटच्या निघाल्या असे समजा. २० ग्रॅममध्ये चोख सोने १.६६ ग्रॅमने कमी, म्हणजे साधारण १८,००० रुपयांची तूट. २०१८च्या ब्युरोच्या नियमांनुसार सराफाने अशा तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च द्यायचा असतो, म्हणजे इथे ३६,००० रुपयांच्या घरात. ती मागायला दागिना त्याच दुकानातून घेतल्याचा पुरावा लागतो, आणि तो म्हणजे ज्यावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचे शुल्क लिहिले आहे ते पक्के बिल.