जुनी जीन्स घेताना आधी काय बघायचं, मग भाव कसा करायचा

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: जुन्या बाजारातून कपडे घ्यायचे, पण फसायचं नाही, ते कसं? आज एकच कपडा घेऊ. जीन्स. कारण ढिगात सगळ्यात जास्त तीच असते आणि लपलेली झीजही तिच्यातच जास्त असते.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे किंवा तुमच्या गावच्या आठवडी बाजारात हे कपडे येतात कुठून? बरेचसे बोहारणीकडून. तुमच्या आईनं जुन्या साड्या-शर्ट देऊन स्टीलचा डबा घेतला असेल ना, तोच माल धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा विकायला येतो. म्हणजे वरून कपडा चकचकीत दिसणारच. म्हणून वरून बघायचंच नाही.

जीन्स उलटी करा. दोन्ही मांड्या जिथे घासतात तो भाग दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. बाकीच्या कापडातून उजेड येत नाही आणि तिथूनच येतोय? मग तिथले धागे झिजलेत. दोन-चार महिन्यांत, बहुतेक बसताना, ती फाटेल. रफू केलं तरी बाजूचं कापडही तितकंच विरलेलं असतं, त्यामुळे टाका धरत नाही.

स्ट्रेच जीन्स असेल तर गुडघ्याजवळ आडवं ताणून सोडा. कापड लगेच जागेवर यायला हवं. लाटा राहिल्या किंवा बारीक पांढरे रबरासारखे धागे बाहेर डोकावले, तर इलास्टेन संपलंय. ते कोणी परत भरून देत नाही.

मग वास. थंड कपड्याचा वास नीट कळत नाही. शिवणीचा भाग मुठीत घट्ट धरा, अर्धा मिनिट गरम होऊ द्या, मग हुंगा. (लोक बघतील. बघू देत.)

आता खरी गोष्ट. दोष दोन प्रकारचे असतात. चेन अडकते, बटण नाही, तळाची दुमड उसवलीय: हे टेलर दुरुस्त करतो, म्हणून हे भावात वापरायचे. विरलेलं कापड आणि मेलेलं स्ट्रेच दुरुस्त होत नाही, तिथे भाव करायचाच नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. पन्नास रुपयांत मिळालेली फाटकी जीन्स म्हणजे पन्नास रुपये गेले.

समजा, जाड सुती जीन्स हातात आहे, मांड्या घट्ट आहेत, फक्त चेन खराब. मावशी म्हणतात, "साडेतीनशे." तुमच्या टेलरकडे चेन बदलायला ऐंशी रुपये पडतात. आधी चेन दाखवा, मग बोला: "मावशी, कापड छान आहे, पण ही चेन बदलायला मला ऐंशी लागतील. दोनशेला द्या." त्या म्हणतील, "तीनशेच्या खाली नाही." "अडीचशे, आणि हा शर्ट घेतला तर दोन्ही मिळून किती?" दोन नग एकत्र घेतले की विकणाऱ्यालाही परवडतं. जीन्स अडीचशेला सुटली तर चेन धरून तुम्हाला ती तीनशे तीसला पडली. हा आकडा डोक्यात ठेवूनच हो म्हणा. आणि सकाळी भवानीच्या वेळी तासभर घासाघीस करून रिकाम्या हातानं निघू नका. पहिलं गिऱ्हाईक तसं गेलं की त्यांना ते लागतं.

घरी आणल्यावर कपाटात नाही, बिछान्यावर तर नाहीच. पिशवी गाठ मारून बाहेर ठेवा. भीती मुख्यतः तिघांची: ढेकूण, खरूज आणि गजकर्ण. तिन्हींवर उपाय उष्णता, पण गरम पाण्याची घाई नको. रक्ताचा किंवा घामाचा डाग असेल तर गरम पाण्यात तो पक्का बसतो. आधी साध्या गार पाण्यात साबण लावून डाग काढा. मग सुती जीन्स एकटीच, उलटी करून, साठ अंशांवर मशीनमध्ये धुवा. मशीन नसेल तर हात घालून ठेवता येणार नाही इतक्या गरम पाण्यात डिटर्जंट टाकून अर्धा तास बुडवा. रंग जाईल, थोडी आटेलही, म्हणून कमरेत जरा सैल घ्या.

स्ट्रेचला एवढं गरम पाणी चालत नाही. ती बंद पिशवीत आठवडाभर ठेवा. खरजेचे किडे अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाहीत. ढेकूण मात्र आठवड्यानेही मरत नाहीत, म्हणून शिवणींत काळे ठिपके दिसले तर ती जीन्स घेऊच नका. आठवड्यानंतर कोमट पाण्यात धुवा, उलटी करून उन्हात पूर्ण वाळवा आणि आतून शिवणींवर मध्यम इस्त्री फिरवा. इस्त्रीच्या वाफेबरोबर घामाचा वास पुन्हा आला, तर तो धागा अजून स्वच्छ झालेला नाही. अजून एकदा धुवा.